बँक, भागीदार की डीलरची उधारी: मकरपुऱ्यातलं दुसरं मशीन

झाकणवाला_मकरपुरा
बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझं एकट्याच्या मालकीचं, प्रोप्रायटरी युनिट आहे. औषध आणि केमिकल कंपन्यांना पीपी प्लास्टिकची झाकणं देतो, महिन्याला २० लाखांचा माल. दुसरं मशीन आलं की ३० लाखांवर जाईन. मशीन ४० लाख, चिलर, होइस्ट, वायरिंग ८ लाख, वर १८ टक्के जीएसटी. हातात १० लाख आहेत. बँक ४८ च्या पाऊण हिश्शाचं टर्म लोन देईल, साडेदहाने. नात्यातले एकजण ५० लाख देतात, पण ३० टक्के हिस्सा हवा. प्लास्टिकच्या दाण्याचा डीलर ३० दिवसांऐवजी ९० दिवसांची उधारी द्यायला तयार आहे, किलोला तीन रुपये जास्त लावून. आजचा भाव १०० धरा. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, ५० लाखांची आहे. काय करू?

धंदापाणी
बँकेच्या पायऱ्या झिजवणारे जन्मभर पायऱ्याच झिजवतात. डीलर स्वतःहून पैसा देतोय तर घ्या! शंभरावर तीन म्हणजे तीन टक्के, बँक साडेदहा मागतेय. हे पहिलीतलं गणित आहे. आपला धंदा दुसऱ्याच्या पैशावर चालवतो तोच खरा शेठ.

दांडियाबाजार_सीए
पहिलीतलंच गणित, पण तेही चुकलंय. ३० दिवसांची उधारी आज शंभराच्याच भावात मिळते. म्हणजे हे तीन रुपये फक्त पुढच्या ६० दिवसांचे. ६० दिवसांना तीन टक्के म्हणजे वर्षाला अठरा.

आणि हे वरवरचं झालं. खरी मेख सीसीत आहे, तिच्याकडे उधारीवाले कधीच बघत नाहीत. मंजुरी ५० लाखांची असली तरी उचलता येते ती ड्रॉइंग पॉवर. महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट दिलं की बँक स्टॉक आणि येणी धरते, त्यातून देणी वजा करते आणि उरलेल्यातून मार्जिन, म्हणजे आपण घालायचा हिस्सा, कापते. यांचे आकडे घेऊ, जीएसटी बाजूला ठेवून. माल ३० लाखांचा झाला की दाणा लागेल महिन्याला १८ लाखांचा. स्टॉक ३० लाख, येणी दोन महिन्यांची म्हणजे ६० लाख. उधारी ३० दिवसांची असेल तर देणी १८. उरले ७२, पंचवीस टक्के मार्जिन काढून ५४, म्हणजे ५० ची लिमिट पूर्ण वापरता येते. आता उधारी ९० दिवसांची करा. देणी ५४ झाली. उरले ३६, मार्जिन जाऊन २७. तेवढीच लिमिट हातात राहिली.

डीलरने ३६ लाख जास्तीचे दिले आणि बँकेने २३ लाख काढून घेतले. हातात आले १३. त्यासाठी दाण्यावर महिन्याला ५४ हजार जास्त, म्हणजे वर्षाला साधारण साडेसहा लाख. सीसीचं वाचलेलं व्याज सव्वादोन-अडीच लाख वजा करा. १३ लाखांसाठी चार लाखांहून जास्त, म्हणजे बत्तीस टक्क्यांच्या आसपास. घ्या फुकटचा पैसा.

धंदापाणी
सीए लोकांची ही जुनी खोड. कागदावर सगळं बुडवून दाखवायचं. माझ्या बँकेत देणी फक्त स्टॉकमधून वजा होतात, येणी वेगळी धरतात. तसं करा मग बघू तुमचे बत्तीस टक्के.

दांडियाबाजार_सीए
करू. स्टॉक ३०, देणी ५४, म्हणजे स्टॉकची ड्रॉइंग पॉवर शून्य. येणी ६० ची मार्जिन जाऊन ४५. म्हणजे लिमिट ५० ची ४५ झाली. डीलरचे ३६ आले, बँकेचे ५ गेले, हातात ३१. खर्च सहा लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण एकोणीस टक्के. तुमच्या बँकेत ते बत्तीस नाही हे कबूल. साडेदहापेक्षा कमी मात्र तरीही नाही. आणि यांच्या बँकेत कुठली पद्धत आहे ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. ते बघितल्याशिवाय दोघांचंही गणित अंदाजाचं.

धंदापाणी
एकोणीस तर एकोणीस. उद्या दाणा मिळाला नाही तर साडेदहावाली बँक पाठवणार आहे का पोती?

माजलपूरची_ताई
कशाला एवढी डोकेफोड? सीजीटीएमएसई या सरकारी कर्ज-गॅरंटी योजनेत टाका. तारण नाही, काही नाही, आणि बुडालं तर सरकार भरतं. माझ्या खाखऱ्याच्या युनिटला बँकेवाला हेच सांगून गेला. मी मागतेय ते ओव्हनसाठी, तर तो म्हणतो आधी दोन वर्षांचे रिटर्न. हे बरोबर आहे का कोणी सांगा.

दांडियाबाजार_सीए
ताई, अर्धं बरोबर. २०२५ च्या एप्रिलपासून ती गॅरंटी १० कोटींपर्यंत जाते, तारणाशिवाय कर्ज मिळायला त्याची मदत होते. पण गॅरंटी बँकेला आहे, तुम्हाला नाही. सरकारने बँकेचा हिस्सा भरला तरी तुमच्याकडून वसुली चालूच राहते, आणि गॅरंटीची फी दरवर्षी बाकी रकमेवर तुमच्याच खात्यातून जाते. ओव्हनचं वेगळं विचारा, इथे गुंता होईल.

फॅब्रिकेशन_पोर
कर्ज, भागीदार, उधारी हे सगळं नंतर. आधी कस्टमरला विचारा पैसे कधी देतो! मला १२० दिवस थांबवतात. छोट्या युनिटचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे ना? मग कुठे झोपला? मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्याने तोंडावर सांगितलं की लघुउद्योग नोंदणीचं, उद्यमचं सर्टिफिकेट दाखवायचं नाही, दाखवलं तर नवी ऑर्डर विसरा.

धंदापाणी
बघा, आता तोच कायदा यांनाही लागेल. ९० दिवस उधारी घेतली तर ४५ नंतरचं बिल इन्कम टॅक्सच्या ४३बी(एच)मध्ये अडकतं, खर्च म्हणून धरत नाहीत, टॅक्स भरा. सीएसाहेब, हे तुम्ही सांगायला हवं होतं. उधारीचा मुद्दा तुमच्या बाजूने मीच मजबूत करतोय, ही माझी माणुसकी.

दांडियाबाजार_सीए
माणुसकीबद्दल आभार, पण इथे ते कलम लागत नाही. दाणा देणारा डीलर हा व्यापारी. उद्यम नोंदणी असली तरी व्यापाऱ्याला त्याचा उपयोग बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. ते कलम लागतं ते माल बनवणाऱ्या सूक्ष्म-लघु युनिटच्या बिलांना. दाण्यात मिसळायचा रंग, मास्टरबॅच, बनवणारा छोटा युनिट असेल तर त्याचं बिल वेळेत द्या. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. ३१ मार्चला ही मुदत उलटलेलं बिल बाकी असेल तर ज्या वर्षी फेडाल त्या वर्षी खर्च धरला जाईल. म्हणजे टॅक्स एक वर्ष आधी भरावा लागतो, एवढंच. खर्च कायमचा जात नाही.

फॅब्रिकेशन_पोर
माझ्या १२० दिवसांचं काय ते कोणी बोलत नाही. तिप्पट बँक रेटने व्याज म्हणे, दर महिन्याला चक्रवाढ! कोणी मागितलंय कधी? सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाकली की व्हेंडर यादीतून नाव गेलं.

सावलीचा_मेन्टेनन्स
आणि गेटवर माल घेऊन 'इन्स्पेक्शन बाकी' असा शिक्का मारतात, म्हणजे ४५ दिवस सुरूच होत नाहीत. हे तर कोणीच बोलत नाही.

दांडियाबाजार_सीए
सुरू होतात. माल पोहोचून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर पोहोचला त्या तारखेलाच माल स्वीकारला असं धरलं जातं. चलनावर तारीख आणि सही घ्या, शिक्का काहीही असो. दुसरा रस्ता ट्रेड्सचा, म्हणजे बिलावर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणं आता बंधनकारक आहे. कंपनीने बिल मान्य केलं की फायनान्सर लगेच पैसे देतो, आणि कंपनीने थकवलं तरी तुमच्या मागे येत नाही. अडचण हीच की मान्य करायचं कंपनीच्याच हातात.

फॅब्रिकेशन_पोर
म्हणजे परत कंपनीच्याच दारात. छान कायदे आहेत. सीए होऊन लोकांना कायदे शिकवणं सोपं, आम्ही पगार कुठून द्यायचा?

सावलीचा_मेन्टेनन्स
भाऊ, रागावू नका, पण ते कायदा सांगतायत, कायदा त्यांनी केलेला नाही.

दांडियाबाजार_सीए
मूळ प्रश्नाशी या भांडणाचा संबंध एवढाच आहे, आणि तो मोठा आहे. ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. यांच्या ६० लाखांतले २० लाख १२० दिवसांवर गेले की तेवढ्याने ड्रॉइंग पॉवर १५ लाखांनी खाली येते. आता वर ९० दिवसांची उधारी असेल आणि डीलर म्हणाला 'जुनं बिल भरा, मग गाडी सोडतो', तर मशीन चालू, वीज चालू, कामगार हजर आणि हॉपर रिकामा. हे अचानक होत नाही, आधी दिसतं. आपल्याला लागलेला भाव आणि दाणा बनवणाऱ्या कंपनीच्या त्या दिवसाच्या यादीतला भाव यांतला फरक तीन रुपयांवरून चार, पाच झाला की समजायचं. भाव उतरला तरी तुमचा डीलर उतरवत नाही, कारण तुम्ही सोडून जाऊ शकत नाही. आणि सही केलेले कोरे चेक त्याच्या तिजोरीत पडलेले.

नर्मदा_इन्व्हेस्टर
ठीक. उधारी महाग हे मानलं. पण कर्जाचा हप्ता ऑर्डर असो वा नसो येतो. ३६ लाख पाच वर्षांचं म्हणजे महिन्याला ६० हजार मुद्दल आणि वर व्याज, सुरुवातीला नव्वद हजारांहून जास्त. भागीदाराचे ५० लाख आले तर हप्ता नाही, रात्री झोप लागते. नुकसान झालं तर तोही सोसतो. हे तुमच्या वहीत कुठे आहे?

दांडियाबाजार_सीए
हे म्हणणं खरं, आणि एकाच कस्टमरच्या तोंडी शब्दावर मशीन येत असेल तर मी पण हप्त्याला घाबरेन. पण हा भागीदार तसा आहे का ते करारात बघा. 'पाच वर्षांनी हिस्सा परत घ्या, वर्षाला १८ टक्के धरून' असं कलम असेल तर ५० चे एक कोटी चौदा लाख होतात. त्याला भागीदारी म्हणत नाहीत, हप्ते साठवून ठेवलेलं कर्ज आहे ते. आणि नसेल तर वर्षाचा नफा ३० लाख धरला तरी त्यातले ९ लाख दरवर्षी त्यांचे, कायमचे. टर्म लोनचं पहिल्या वर्षाचं व्याज पावणेचार लाखांच्या आत, पुढे कमीच होत जातं.

शिवाय प्रोप्रायटरीत हिस्सा देताच येत नाही. भागीदारी फर्म किंवा कंपनी करावी लागेल. नवा पॅन, नवा जीएसटी नंबर, कस्टमरकडे व्हेंडर कोडची नवी फाइल. प्लॉट जीआयडीसीचा, तेव्हा नाव बदलायला तिथेही ट्रान्सफरची फाइल. हे होईपर्यंत मशीनचं कोटेशन जुनं होतं.

नर्मदा_इन्व्हेस्टर
फाइली म्हणून माणसाने मोठं व्हायचंच नाही का? आपल्या बडोद्याच्या मराठी माणसाला हिस्सा द्यायची भीती, म्हणून दोन मशीनवर म्हातारा होतो.

झाकणवाला_मकरपुरा
नात्यातल्यांना १८ टक्क्यांचं विचारलं. म्हणाले, 'तसं काहीतरी लिहून ठेवू.' आता बँकेकडे गेलो तर माझे १० पुरतील का?

दांडियाबाजार_सीए
नाही. ४८ चं पंचवीस टक्के मार्जिन १२ लाख. जीएसटी आठ लाख चौसष्ट हजार, तो बँक सहसा कर्जात धरत नाही. म्हणजे साधारण २०.६४ लाख तुमचे हवेत, साडेदहा लाखांहून थोडे जास्त कमी पडतात. त्यातल्या जीएसटीचं घाबरू नका. आज २० लाखांच्या मालावर ३.६० लाख लावता, दाण्याचे साधारण २.१६ लाख वळते होतात, रोखीने १.४४ भरता. तेच मशीनच्या क्रेडिटमधून वळतं होईल, सहा महिन्यांत संपेल. माल ३० लाखांवर गेला तर चारच महिन्यांत.

म्हणून नात्यातल्यांकडे ५० मागू नका, ११ मागा, आणि हिस्सा न देता असुरक्षित कर्ज म्हणून घ्या, चेकने, रोख नाही. बँक त्यांच्याकडून लिहून घेते की आमचं फिटेपर्यंत तुमचं काढायचं नाही, आणि ती रक्कम तुमच्या भांडवलात धरते. हप्ता उशिरा सुरू करायची सवलत, म्हणजे मॉरेटोरियम, सहा महिन्यांचा मागा. वीज कंपनी एमजीव्हीसीएलकडे लोड वाढवायचा अर्ज आजच टाका, मशीन आलं आणि लोड नाही तर मॉरेटोरियम मशीनला धूळ बसण्यात जातो.

धंदापाणी
बघा, शेवटी नात्यातलीच उधारी सांगितली! मी म्हणत होतो तेच, फक्त डीलरच्या जागी काका.

दांडियाबाजार_सीए
काका दाण्यावर तीन रुपये लावत नाहीत. आणि ड्रॉइंग पॉवर खात नाहीत.

धंदापाणी
काका लग्नकार्यात बोलून दाखवतात, त्याचा दर वेगळा असतो. ते जाऊ द्या. झाकणवाले, मंजुरीपत्रातलं ते वजावटीचं कलम इथे टाका. माझी पद्धत निघाली तर एकोणीसवर बोलू, बत्तीसवर नाही.

झाकणवाला_मकरपुरा
कलम सापडलं. 'स्टॉक आणि बुक डेट वजा ट्रेड क्रेडिटर' एवढंच लिहिलंय. देणी नेमकी कशातून काढायची ते नाही. सोमवारी ब्रँचला विचारून सांगतो.