मदत हवी आहे: चॅटबॉटचं वाक्य अवतरणात छापलं, आता संपादक पुरावा मागतायत

औसा_वार्ताहर

मी लातूर जिल्ह्यात एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्याकडचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. पीक विम्याबद्दल शेतकरी आता मोबाईलवरच्या चॅटबॉटला विचारतात, त्यावर मी बातमी केली. एका शेतकऱ्याच्या पुतण्यानं फोनवर आलेलं उत्तर दाखवलं. त्यातली ओळ मी वहीत उतरवली आणि चॅटबॉटच्या नावासकट अवतरणचिन्हांत छापली: "७२ तासांच्या आत ॲपवर पूर्वसूचना द्या, पंचनामा होऊन भरपाई मिळेल."

बातमीचा मुद्दाच हा होता की हे उत्तर २०२४ च्या नियमाचं आहे. २०२५ च्या खरिपात राज्यानं स्थानिक आपत्तीचं संरक्षण विम्यातून काढलं, भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावरच ठरणार होती.

आता एका वाचकानं संपादकांना पत्र पाठवलंय. त्यानं तोच प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर आलं, सोबत स्क्रीनशॉट जोडलाय. त्याचं म्हणणं, मी वाक्य रचलं. पुतण्याच्या फोनवर ते चॅट आता नाही, त्यानं तात्पुरत्या चॅटमध्ये विचारलं होतं. माझ्याकडं वहीतली ओळ आणि चार ओळींचा कापलेला स्क्रीनशॉट आहे. रात्रभर झोप नाही. मी खोटं लिहिलेलं नाही, हे दाखवायचं कसं?

नांदेडकर_०७

एवढं टेन्शन नका घेऊ. तोच प्रश्न दहा वेळा विचारा. एकदा जरी तसं उत्तर आलं तरी स्क्रीनशॉट घ्या आणि संपादकांना द्या. मशीन आहे, परत तेच बोलणार.

डेस्कवरची_बाई

नांदेडकर, दहा वेळा विचारलं तर वेगवेगळी उत्तरं येतील, त्यातलं एखादं तसं निघेलही. पण त्यातलं एक जुळलं म्हणून त्या दिवशी तेच आलं होतं, हे कसं ठरणार? चॅटबॉटमागचं मॉडेल पुढचा शब्द शक्यतेनुसार निवडतं, त्यामुळं तोच प्रश्न त्याच मिनिटाला दोन फोनवर विचारला तरी शब्द बदलतात. वाचकाचं "मला बरोबर उत्तर आलं" यातून वार्ताहर खोटा ठरत नाही. तसंच तुम्ही आज मिळवलेला स्क्रीनशॉट त्याला खराही ठरवत नाही.

मी संभाजीनगरला वीस वर्षं डेस्कवर आहे. आमदारांचं वाक्य छापलं आणि ते नाकारू लागले, तर आपण फोन करतो, रेकॉर्डिंग लावतो, तिथं बसलेल्या चार माणसांना विचारतो. मॉडेलच्या बाबतीत विचारायला पलीकडं कुणी नाही. नव्या चॅटमध्ये "तू परवा असं म्हणालास का?" असं विचारलं तर ते "हो, क्षमस्व" म्हणेल किंवा "मी असं म्हणणार नाही" म्हणेल. दोन्हीला शून्य किंमत, कारण परवाचं संभाषण त्याच्यासमोर नसतं. म्हणून त्या संभाषणाची जपलेली नोंद, म्हणजे लॉग, हाच एकमेव साक्षीदार.

आणि नाव तेच राहिलं तरी आतलं मॉडेल बदलतं. ओपनएआयनं २५ एप्रिल २०२५ ला चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ओ मध्ये बदल केला. ते लोकांच्या हो ला हो करू लागलं, म्हणून तीन-चार दिवसांत बदल मागं घेतला. त्या दिवसांत कुणी त्याचं वाक्य छापलं असेल आणि तारीख लिहिली नसेल, तर मे महिन्यात ते तपासणार कशावर?

तुम्ही एक सांगा. पुतण्यानं त्या प्रश्नाच्या आधी काय लिहिलं होतं? तुमच्या कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वरचा भाग दिसतो का?

सेलूचा_शेतकरी

आमच्या गावात पण पाणी शिरलं होतं. ॲपवर तक्रार घेतच नाही म्हणतं. पीक कापणी प्रयोग आमच्या मंडळात झाला की नाही हे कुठं कळंल? कुणाला माहीत असेल तर सांगा.

डेस्कवरची_बाई

दादा, हा धागा बातमीच्या पुराव्याचा आहे, पण तुमच्या तालुका कृषी कार्यालयात मंडळाचं नाव सांगून विचारा, प्रयोगाची नोंद तिथं मिळेल.

औसा_वार्ताहर

ताई, वरचा भाग दिसत नाही. आत्ता पुतण्याला फोन केला. तो म्हणतो, आधी त्यानं व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज चिकटवला होता, "विमा कंपनीला ७२ तासांत कळवा" असा. मग विचारलं, "आता काय करू?" हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

डेस्कवरची_बाई

मग तुमची बातमीच वेगळी झाली. मॉडेलनं ७२ तास स्वतःहून सांगितले, का समोर ठेवलेल्या जुन्या मेसेजमधून उचलले, हे आता कुणालाच सांगता येत नाही. वाचकानं कोरा प्रश्न विचारला, पुतण्यानं मेसेज चिकटवून विचारलं. प्रश्न एक नव्हताच. शब्द तुम्ही अचूक उतरवले असतील, तरी "चॅटबॉट जुनं सांगतो" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पहिल्या ओळीपासून चॅट जपलं असतं, तर हे छापायच्या आधीच दिसलं असतं.

जालन्याचे_वकील

कायद्याच्या बाजूनं दोन गोष्टी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळख आकडा, लिहावा लागतो. आमच्या जालन्याच्याच निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवर ठरणार होतं आणि प्रमाणपत्र कुणी देत नव्हतं. २०२० च्या निकालात कोर्टानं प्रमाणपत्र बंधनकारकच म्हटलं. मागणाऱ्यानं सगळे प्रयत्न केले होते, म्हणून तेवढ्यापुरती सूट दिली. तिथं निदान व्हिडिओ होता. तुमच्याकडं मूळ नोंदच नाही.

नांदेडकर_०७

मग पूर्ण स्क्रीनशॉट घेतला की झालं ना?

डेस्कवरची_बाई

नाही. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये पानावरचा मजकूर दोन क्लिकमध्ये बदलून त्याचा स्क्रीनशॉट काढता येतो. आमच्या शिकाऊ मुलांना मी हे करून दाखवते. शेअर लिंकही मालकानं पुसली की गेली.

आम्ही असं करतो. नवं, साधं चॅट उघडायचं, तात्पुरतं नाही. मेमरी आणि स्वतःच्या सूचना बंद करायच्या, नाहीतर जुन्या गप्पा उत्तरात शिरतात. विचारल्यावर पूर्ण पान पीडीएफ करायचं, मॉडेलचं नाव दिसेल असं. त्याच दिवशी सेटिंगमधून डेटा एक्सपोर्ट मागवायचा. चॅटजीपीटीच्या एक्सपोर्टमध्ये `conversations.json` असते, त्यात प्रत्येक संदेशाची वेळ `create_time` मध्ये असते. ती १९७० पासूनच्या सेकंदांत, ग्रीनिचच्या वेळेनं मोजलेली. `1759260600` म्हणजे तिथं ३० सप्टेंबर २०२५ संध्याकाळी साडेसात, आपल्याकडं १ ऑक्टोबर रात्रीचा एक. बातमीत तारीख लिहिताना इथं हमखास चूक होते. मग विंडोजवर फाईलचा हॅश काढून तो आकडा त्याच दिवशी डेस्कला मेल करायचा:

```
certutil -hashfile export.zip SHA256
```

फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो. मात्र यातून एवढंच कळतं की मेल केल्यापासून फाईल तशीच आहे. त्याआधी कुणी हात लावला नाही, हे यातून सिद्ध होत नाही. म्हणून वार्ताहरानं स्वतःच्या खात्यावर स्वतः विचारावं, दुसऱ्याच्या फोनवरचं वाक्य अवतरणात घेऊ नये.

जालन्याचे_वकील

शेवटचं मला पटत नाही. शेतकऱ्याला त्याच्या फोनवर काय सांगितलं गेलं, हीच बातमी असेल तर? वार्ताहराच्या कोऱ्या खात्यावरचं उत्तर त्या शेतकऱ्याचं नव्हे. त्याच्या समोर बसून, त्याच्या संमतीनं, त्याच्याच खात्याचा एक्सपोर्ट घ्यावा.

डेस्कवरची_बाई

संमती घेतली तरी एक्सपोर्टमध्ये त्याची सगळी चॅट येतात, आजारपण, कर्ज, घरचं भांडण. ते सगळं वार्ताहराच्या लॅपटॉपवर ठेवायला माझं मन धजत नाही. यावर आमच्या डेस्कवरही एकमत नाही.

औसा_वार्ताहर

संपादकांना सगळं खरं सांगितलं, चिकटवलेल्या मेसेजसकट. उद्याच्या अंकात खुलासा जातोय. अवतरण मागं घेतोय आणि "मूळ संभाषण उपलब्ध नाही" असं स्पष्ट लिहितोय. पुतण्याचा फोन घेऊन उद्या सकाळी पुन्हा बघणार आहे. तात्पुरत्या चॅटची प्रत कंपनीकडं काही दिवस राहते असं तो म्हणतो. ती खातेदाराला मागून मिळते का, कुणी स्वतः मागितली असेल तर सांगा.