सेल्सच्या दोन ऑफर आल्यात, कुठली घेऊ? (ॲग्री इनपुट)

शिवारफेरी: नमस्कार मंडळी, बीएस्सी ॲग्री, 4 वर्षं कीटकनाशकं विकतोय. एक ऑफर जुन्या मोठ्या कंपनीची, फिक्स 32 हजार, इन्सेंटिव्ह वर्षाला फार तर 60 हजार, एरिया जिंतूर-सेनगाव म्हणजे सोयाबीन, कापूस, तूर. दुसरी नवी बायोस्टिम्युलंटवाली, फिक्स 24, पण 3 टक्के इन्सेंटिव्ह, टार्गेट 80 लाख आणि एरिया निफाड-दिंडोरी!! मॅनेजर म्हणतो महिन्याला 20 हजार वरचे कुठे जात नाहीत. बायको म्हणते फिक्स बघा. काय करू?

सरळमार्गी: वहिनींचं ऐका. इन्सेंटिव्ह म्हणजे गाजर. मोठ्या कंपनीत टार्गेटपण सोपं असतं.

जुना_एएसएम: सोपं कुठलं, पावसाने दडी मारली की तिथंही बोंब. पण मुद्दा वेगळाय. 3 टक्के कशावर, बिलिंगवर का वसुलीवर? द्राक्षपट्ट्यात माल ऑक्टोबर छाटणीला जातो आणि पैसे माल तुटल्यावर, फेब्रुवारी-मार्चनंतर, आणि त्याच सुमारास न खपलेला माल दुकानदार परत करतो. त्या एरियाचं मागच्या वर्षीचं बिलिंग, रिटर्न आणि वसुली तिन्ही आकडे मागा. शिवाय 2021 पासून बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशात आलेत, त्यामुळे प्रत्येक प्रॉडक्टचं सर्टिफिकेट बघा, नसेल तर दुकानदार लायसन्सच्या भीतीने ठेवणारच नाही. आणि मॅनेजरला काय विचारता, पिंपळगावला दोन दुकानांत जाऊन बाटलीवरची उत्पादन तारीख बघा.

बागाईतदार_नाना: त्या बायोच्या औषधानं मण्यांची फुगवण खरंच येते का हो? आमच्याकडं एकानं डेमो दिला, परत फिरकलाच नाही.

शिवारफेरी: नाना, तेच शोधतोय 😅

(चार दिवसांनी)

जाऊन आलो. तीन दुकानं केली. एकात माल मागच्या फळीवर, बोटानं धूळ पुसून तारीख वाचली, दीड वर्षापूर्वीची. दुसऱ्याने मात्र एक प्रॉडक्ट चालतं म्हणून सांगितलं, शेतकरी नाव घेऊन मागतो म्हणे. तिसरा बोललाच नाही, आधी जुनी क्रेडिट नोट आणा म्हणाला. सर्टिफिकेट कंपनीने सहापैकी दोनच प्रॉडक्टचं दाखवलं. आकडे काढले तर मागच्या वर्षी बिलिंग 45 लाख, रिटर्न 12, वसुली 25. इन्सेंटिव्ह वसुलीवर.

जुना_एएसएम: म्हणजे 25 लाखाचे 3 टक्के 75 हजार, महिन्याला सव्वासहा. 24 मध्ये मिळवा, सव्वातीस. पहिलीचं नुसतं फिक्सच 32 आहे. आणि राहिलेले 8 लाख तुमच्या गळ्यात, नवा माल टाकायला गेलात की दुकानदार आधी जुनं भांडण काढणार.

सरळमार्गी: सांगितलं होतं ना!

एमआर_सांगली: मी फार्मात आहे, आमच्याकडे वसुली स्टॉकिस्टची, त्यामुळे हे नवीनच. पण मी खराब टेरिटरी घेऊन दोन वर्षांत उभी केली, ते चालणारं एक प्रॉडक्ट असेल तर?

शिवारफेरी: तिथंच अडकलोय. जुनी उधारी माझ्या नावावर नको आणि पहिले सहा महिने फिक्स 30 असं मेलवर मागितलंय. मॅनेजर फोनवर हो म्हणाला, मेल अजून आला नाही. जिंतूरवाल्यांना सोमवारपर्यंत कळवायचंय.