रेघ पुरत नाही, पर्यायांवर खुणा करा

"स्पर्धा परीक्षेत ‘खालीलपैकी कोणता नाही?’ असा प्रश्न आला की मी ‘नाही’खाली रेघ मारतो, तरी घाईत पहिलं बरोबर विधान दिसलं की तोच गोल काळा होतो."

रेघ मारायला हरकत नाही, पण चौथ्या पर्यायापर्यंत ती डोक्यातून निघून जाते. आमच्या धुळ्याच्या अभ्यासिकेत प्रश्नपत्रिकेवरच प्रत्येक पर्यायापुढे बरोबर असेल तर ‘ब’ आणि चूक असेल तर ‘चू’ लिहितात. त्या वेळी प्रश्नातला ‘नाही’ विसरायचा, फक्त विधान खरं की खोटं एवढंच बघायचं. उदाहरणार्थ, तापीची उपनदी नसलेली नदी कोणती: गिरणा, पांझरा, मांजरा, वाघूर? गिरणा ब, पांझरा ब, मांजरा चू (ती गोदावरीला मिळते), वाघूर ब. एकटा पडलेला पर्याय तुमचा. इथे घात करतो तो पांझरा-मांजराचा सारखेपणा; खान्देशातली पोरंसुद्धा फसतात.

खुणांचा हिशेबच चूक दाखवतो. तीन चू आणि एक ब आला, तर प्रश्न बहुतेक सरळच होता, शेवटचे दोन शब्द परत वाचा. दोन-दोन आले, तर एखादी नदी तुम्हाला नक्की माहीत नाही; प्रश्नपत्रिकेवर त्या प्रश्नाला खूण करून पुढे जा, शेवटी बघा. उत्तरपत्रिकेत मात्र ‘चू’कडे न बघता पर्यायाचा क्रमांक मनात म्हणत गोल भरा.