लॉक-इन संपायच्या आत घर सोडतोय. डिपॉझिट खरंच बुडणार का?

वाकडकर_नवा
मंडळी, पुण्यात वाकडला टू बीएचके भाड्याने घेतलाय. ११ महिन्यांचा करार, १ जूनपासून. भाडं २६ हजार, डिपॉझिट १ लाख, लॉक-इन ६ महिने, नोटीस १ महिना. आता कंपनीने हैदराबादला बदली केली, १ ऑक्टोबरला रुजू व्हायचंय. मालकांना फोन केला तर म्हणाले, "लॉक-इन मोडताय, वर नोटीस, वर रंगकाम. डिपॉझिट विसरा." एवढं सगळं जातं का? सप्टेंबर अखेरीस घर सोडायचं ठरवलं तर माझ्याकडून नक्की किती पैसे निघतात?

बाणेरची_बाई
रंगकामाचे पैसे सगळेच कापतात हो, सवय करून घ्या. आमचे तर दोन वर्षांनी १८ हजार कापले आणि भिंतीला खिळासुद्धा मारला नव्हता.

सरळसोट
११ महिन्यांचा करार आहे ना? मग रजिस्टर करायची गरजच नसते, त्यामुळे त्यातल्या लॉक-इनला कायद्याने काही किंमत नाही. बिनधास्त सोड. आणि हे महिन्याचं भाडंही देऊ नकोस, डिपॉझिटमधून वळतं करा म्हणून सांग.

कागदवाला
सरळसोट, वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी नको हे इतर राज्यांत ऐकलेलं तुम्ही इथे चिकटवताय. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वाकडकर, तुम्ही थंब देऊन नोंदणी केली होती का? आणि लॉक-इनचं कलम शब्दाला शब्द इथे टाका. सारांश नको.

वाकडकर_नवा
हो, एजंटचा माणूस घरी येऊन थंब आणि फोटो घेऊन गेला होता. कलम असं आहे: "लॉक-इन कालावधी संपल्यानंतर परवानाधारक एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन सदर करार संपुष्टात आणू शकेल. परवानाधारकाने लॉक-इन कालावधीत जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे भाडे देणे बंधनकारक राहील."
आणखी एक. करारात डिपॉझिट ५० हजारच लिहिलंय. उरलेले ५० यूपीआयने दिले. एजंट म्हणाला होता स्टॅम्प ड्युटी वाचते.

कागदवाला
आधी ते ५० हजार बघू, कारण खरा धोका तिथेच आहे. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर पाव टक्का लागते. ५० हजारांचं ११ महिन्यांचं व्याज साधारण ४,५८३, त्याचा पाव टक्का म्हणजे साडेअकरा रुपये. एका वडापावपायी ५० हजार कागदाबाहेर ठेवलेत तुम्ही! उद्या मालक म्हणाले की ते जूनचं आगाऊ भाडं होतं किंवा हातउसने होते, तर? बँकेच्या स्टेटमेंटमधली नोंद काढून ठेवा. आणि आजच त्यांना साधा मेसेज करा: "काका, १ लाख डिपॉझिटपैकी ५० हजार अमुक तारखेला यूपीआयने दिले होते, हिशेबात धरा." संबंध गोड आहेत तोवर त्यावर "हो" आलं पाहिजे.

आता लॉक-इन. सहा महिने ३० नोव्हेंबरला संपतात. सप्टेंबर अखेरीस निघालात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ५२ हजार, हे कलमात सरळ लिहिलंय. मालक वर नोटिशीचा महिना मागतात, म्हणजे ७८ हजार. त्यात २० हजार रंगकाम घातलं की ९८ हजार. "डिपॉझिट विसरा" हे तिथून आलं.

कलमातलं "संपल्यानंतर" कशाला जोडायचं, सगळा वाद त्यावर आहे. मालकाच्या वाचनात नोटीसच लॉक-इन संपल्यावर द्यायची, म्हणजे १ डिसेंबरला देऊन ३१ डिसेंबरला सुटका. तुमच्या वाचनात करार संपतो लॉक-इननंतर, नोटीस मात्र आधी देता येते. ३१ ऑक्टोबरच्या आत दिली तर ३० नोव्हेंबरला दोन्ही मुदती एकदमच संपतात. मला दुसरं वाचन पटतं, पण वाक्य मोघम आहे आणि समोरचा वकील पहिलं मांडेल. म्हणून आजच ईमेलने नोटीस द्या आणि त्यात ३० नोव्हेंबर ही तारीख घाला. फोनवरचं बोलणं लेखी नोटीस धरत नाहीत.

घरमालक_कोथरूड
दुसरी बाजूही ऐका. मी लॉक-इन घालतो कारण दर चार महिन्यांनी नवीन माणूस म्हणजे नवी दलाली, नवा करार आणि मध्ये रिकामं घर. आणि भाडं परस्पर डिपॉझिटमधून वळवणारा भाडेकरू दिसला की माझं डोकं फिरतं. ते पैसे मोडतोड आणि थकलेल्या वीजबिलासाठी असतात.

कागदवाला
बरोबर आहे, सरळसोटचा तो सल्ला मानू नका. भाडं थकलं की चूक तुमच्या नावावर जाते. पण करारात रक्कम लिहिलीय म्हणून ती आपोआप वसूल होते असंही नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, भरपाई मिळते ती वाजवी. समजा तुम्ही ३० सप्टेंबरला किल्ली दिली आणि १५ ऑक्टोबरला नवा भाडेकरू आला. मग मालकांचं नुकसान साधारण १३ हजार भाडं आणि दलाली. घर भरलेलं असताना नोव्हेंबरचं भाडं तुमच्याकडूनही घेणं वाजवी ठरणं कठीण.
अर्थात पैसे त्यांच्या हातात आहेत आणि दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो. म्हणून तुम्हीच गिऱ्हाईक आणा.

बंगळूरू_मुक्काम
तुमच्याकडे चार महिन्यांचंही डिपॉझिट नाही, नशीबवान आहात! मी इथे दहा महिन्यांचं दिलं होतं. पण केंद्राचा दोन महिन्यांच्या मर्यादेचा कायदा आला ना? मग तुझ्याकडून १ लाख घेतलेच कसे?

कागदवाला
तो २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा. नमुना आहे, राज्याने स्वीकारला तर लागू. महाराष्ट्रात १९९९ चाच चालतो.

बाणेरची_बाई
आणि रंगकाम? माझ्या १८ हजारांचं काय?

कागदवाला
करारात रंगकाम लिहिलं होतं का? नसेल तर वापराने मळलेली भिंत ही मोडतोड नाही, असं भांडता येतं. लिहिलं असेल तर अवघड. वाकडकरांनी घर सोडताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि मीटरचं रीडिंग काढावं. चार महिन्यांत भिंतींना असं काय होणार आहे!

वाकडकर_नवा
ईमेल पाठवली. ५० हजारांच्या मेसेजवर काकांनी "हो हो, माहितीय" लिहिलंय, स्क्रीनशॉट काढला. ऑफिसातला एक जोडीदार शनिवारी घर बघायला येतोय. काका म्हणतात, तो १ ऑक्टोबरपासून राहायला आला तर लॉक-इनचं सोडून देतो, पण नव्या कराराचा खर्च आणि रंगकाम माझ्याकडून. करारखर्च मान्य केला. रंगकामाचं वाचलं, करारात एक शब्द नाही. तरी १० हजारांवर मिटवावं का, हा विचार चाललाय.

घरमालक_कोथरूड
पाच म्हणा.

सरळसोट
एक पैसा देऊ नकोस.