मदत हवी आहे: बीटी पऱ्हाटीत गुलाबी अळी का? जीन एडिटिंगचं बियाणं यावर चालेल का?

पऱ्हाटीवाला: यवतमाळकडं सहा एकर बीजी-२ आहे. काल २० हिरवी बोंडं फोडली, तीनमध्ये गुलाबी अळी निघाली. बाहेरून बोंड धडधाकट, आत सरकी पोखरलेली. झाडातच विष आहे तर ही जगते कशी? दुकानदार म्हणतो, जीन एडिटिंगची कपाशी येतेय, थांबा. थांबू का?

शिवारकरी: भाऊ, बीटीचा जोर तीन महिन्यांनी उतरतो. बाकी काही नाही.

कीडवाली: जोर उतरतो हे खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. बीटी म्हणजे एका जिवाणूचं जनुक. त्याचं प्रथिन अळीच्या पोटात गेलं की आतड्याच्या पेशींवर एका ठरावीक जागी चिकटतं. तिथं भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि दोन-चार दिवसांत मरते. गुलाबी अळीत ती जागाच बदलली, प्रथिन चिकटेना. २००२ मध्ये आपल्याकडे एकच जनुक आलं, २००६ मध्ये दुसरं जोडलं. तिनं दोन्ही पचवली.
आपलं बियाणं संकरित, हेही तिच्या पथ्यावर पडलं. झाडात जनुकाची एकच प्रत असली तर बोंडातल्या साधारण चारातल्या एका सरकीत ते उतरतच नाही. गुलाबी अळी खाते नेमकी सरकी. थोडं विष, थोडं बिनविष, अशावर ती सरावली.

बाबुळगावकर: माझीही बीटीच आहे, पण पानं कोकडलीत, खाली तुडतुडे. बियाणं बोगस का?

कीडवाली: नाही दादा. तुडतुडे रस शोषतात, बीटी त्यांच्यासाठी नाहीच.

पऱ्हाटीवाला: आणि एडिटिंगचं?

शिवारकरी: त्यात परकं जनुक नसतं, म्हणून परवानगी लवकर मिळते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, भात आलेच की.

कीडवाली: तयार वाणात नसतं, हे बरोबर. जनुक कापणारी कात्री मात्र बहुधा परक्या जनुकातूनच झाडात घालतात आणि पुढच्या पिढीत ती नसलेली रोपं निवडतात. सरकारनं २०२२ मध्ये जीएम पिकांच्या कडक नियमांतून दिलेली सूट अशांनाच आहे.
त्या भातांपैकी 'कमला' बघा. सांबा मसुरीच्या लोंबीत दाण्यांची संख्या आवरून धरणारं एक जनुक तिचं स्वतःचंच होतं. ते बिघडवलं, दाणे वाढले. कपाशीत मात्र जिवाणूचं विष मुळात नाही, मग कापणार काय? ते बाहेरून आणून बसवलं तर पुन्हा ट्रान्सजेनिकच, सूट नाही. दुकानदाराला विचारा, कपाशीचं कोणतं जनुक बदललंय.

शिवारकरी: अळीला वासच येऊ नये असं काही करता येत असेल की.

कीडवाली: कल्पना वाईट नाही. पण हा हंगाम तिच्या भरवशावर नको. २० मध्ये तीन म्हणजे १५ टक्के. दहाच्या वर गेलं की फवारणीचा विचार करायचा. कामगंध सापळे लावले असतील तर एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री, हीही खूण.

पऱ्हाटीवाला: सापळे आहेत, वड्या बदलायच्या राहिल्यात. डोमकळ्या वेचून जाळतो. पण फरदड मोडायला घरचे तयार नाहीत ताई, जानेवारीत चार क्विंटल निघतो म्हणतात. त्यांना काय सांगू?