शब्दचर्चा: कापसातला ‘उतारा’ नेमका कशाचा?

धरणगावकर: परवा वडिलांसोबत कापूस घेऊन जिनिंगला गेलो. व्यापाऱ्याने ढिगात हात खुपसून मूठभर कापूस काढला, बोटांनी ओढून पाहिला आणि म्हणाला, “उतारा बत्तीसच पडेल, भाव तसाच लागेल.” वडिलांनी मान हलवली, म्हणून मीही हलवली. मला उतारा माहीत तो सातबाराचा. हा बत्तीस कशाचा? आणि पुढच्या खेपेला कसं विचारू, म्हणजे नवखा समजून तो भाव पाडणार नाही?

शिरपूरचा शेतकरी: उतारा म्हणजे एकरी उत्पन्न. यंदा उतारा कमी आला, असंच म्हणतो आपण.

तापीकाठ: भाऊ, मना उतारावर वारसनं नाव अजून लागनं नही. तलाठीले भेटू का?

जिनातला माणूस: एकरी उतारा म्हणतात हे खरं, पण त्या व्यापाऱ्याने शेत कुठे पाहिलं होतं? जिनात उतारा रुईचा. बत्तीस म्हणजे क्विंटलभर कापसातून 32 किलो रुई. बाकी सरकी आणि थोडी घट. रुईचा भाव खंडीवर बोलतात आणि रुईची खंडी 356 किलोची. समजा खंडी 53,400 रुपये, म्हणजे रुई 150 रुपये किलो. सरकी धरा 35. चौतीसचा माल बत्तीसला गेला तर दोन किलो रुईचे 300 गेले, दोन किलो सरकीचे 70 आले. क्विंटलमागे 230 रुपयांचा फटका.

“उतारा म्हणजे काय” असं विचारूच नका. म्हणा, “शेठ, क्विंटलला 32 किलोच रुई धरताय? ओलीमुळे की वाणामुळे?” तुम्ही लावलेला अर्थ आकड्यासकट त्याच्यासमोर येतो. चुकला असेल तर तो तिथेच दुरुस्त करतो. बरोबर असेल तर त्याला कारण सांगावं लागतं.

पारोळ्याची सून: मी घरीच पाहते. 100 ग्रॅम कापूस घ्यायचा, हाताने सरकी सोडवायची, रुई सोन्याच्या काट्यावर तोलायची. मागच्या वेचणीची 35 ग्रॅम भरली, व्यापारी 33 म्हणत होता.

जिनातला माणूस: ताई, हातात घट होत नाही, मशीनमध्ये होते. शिवाय ढिगाच्या चार-पाच जागांचा कापूस घ्या. वरचा सुकलेला, आतला ओला; नुसता वरचा घेतला तर आकडा चढाच येणार.

धरणगावकर: आत्ता वडिलांना विचारलं. त्यांना वाटलं, धाग्याची लांबी बत्तीस मिलिमीटर सांगतोय, म्हणजे मालाचं कौतुकच चाललंय!

जिनातला माणूस: बोटांनी ओढतात ते लांबीसाठीच, त्यामुळे काकांचं तसं होणं साहजिक आहे. पण नुसत्या मुठीवरून त्याने बत्तीस ठरवला कसा, हे मलाही कळलं नाही. पावतीवर ओल लिहिली आहे का बघा.

धरणगावकर: पावतीवर फक्त वजन आणि भाव आहे.