प्रतिसाद: रात्री पाजताना अंगाई

"अंगाई संपली की स्पॉटिफाय भलतंच दणदणीत गाणं लावतं, बाळ दचकतं. काय करू?"

हे Autoplay चं काम, ते Settings मध्ये जाऊन बंद करा. गाण्याच्या तीन टिंबांत Sleep timer असतो. पाजायला वीसेक मिनिटं लागत असतील तर 30 लावा, ढेकर काढेपर्यंत पुरतं. फुकट खात्यात जाहिराती मात्र येणारच. पावसाचा आवाज हवा असेल तर तासाभराचा सलग ट्रॅक घ्या. छोटा ट्रॅक रिपीटवर टाकला की जोडावर क्षणभर आवाज तुटतो आणि नेमकं तिथेच बाळ चुळबुळतं. फोन उशाशी नकोच. पाळण्यापासून 2 मीटर लांब ठेवा, पाळण्यापाशी आवाज 50 डेसिबलच्या आत हवा. तिथे हळू बोललेलं सहज ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे.